नळाच्या तोंडची जाळी

नळाची धार बारीक झाली की आपल्याकडे पहिला संशय जातो तो टाकीवर, दुसरा मोटारीवर आणि तिसरा ग्रामपंचायतीवर. हे तिन्ही संशय पुष्कळ वेळा खरेही ठरतात. पण घरातले बाकीचे नळ धो धो वाहत असताना एकच नळ रडत असेल, तर टाकीकडे धावण्याआधी त्या नळाच्या तोंडाशी वाकून पाहावे. तिथे रुपयाच्या नाण्याएवढी एक जाळी बसवलेली असते. पुष्कळदा सगळे दुखणे तिच्यात असते, आणि तिला औषध आपल्या स्वयंपाकघरातच मिळते.

मात्र ही जाळी प्रत्येक नळाला नसते, हे आधी सांगायला हवे. अंगणातला किंवा मोरीतला साधा पितळी वा प्लास्टिकचा नळ, ज्याला आपण तोटी म्हणतो, त्याचे तोंड मोकळे असते. त्याच्या बाबतीत आजचे हे बोलणे लागू नाही. जाळी असते ती बेसिनच्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या चकचकीत नळांना. अशा नळाचे पाणी दुधासारखे पांढरट, मऊ पडते आणि अंगावर उडत नाही. म्हणूनच हार्डवेअरच्या दुकानात या जाळीला ‘फोमफ्लो’ म्हणतात. शहरी प्लंबर ‘एरेटर’ म्हणतील, आपण जाळी म्हणू.

ही जाळी काय करते? तिच्या आत बारीक छिद्रांची एक चकती असते. पाणी त्या छिद्रांतून जाताना धारेचे अनेक तंतू होतात आणि त्यांचा वेग वाढतो. त्या वेगामुळे बाजूच्या फटींतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाण्यात मिसळते. खालची तारेची किंवा प्लास्टिकची जाळी या मिश्रणाची पुन्हा एक गोल धार करून देते. पाणी थोडे, पण धार भरल्यासारखी. हात धुवायला तेवढे पुरते. २०२४ च्या मार्च महिन्यात बंगळूर शहरात पाण्याची मोठी टंचाई पडली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने हॉटेले आणि मोठ्या इमारतींच्या नळांना अशा जाळ्या सक्तीच्या केल्या, त्या याच कारणाने. तेव्हा धार बारीक झाली म्हणून पक्कड घालून जाळी उपटून फेकून देणे, हा काही उपाय नव्हे. आपल्याकडे सर्रास केला जातो तो मात्र हाच.

आता ज्या चकतीची छिद्रे सुईच्या टोकाएवढी, तिच्यावर वरून येणारा प्रत्येक कण अडणार, हे उघड आहे. ही गोष्ट एका शाळेच्या उदाहरणावरून सांगतो, कारण त्यात बहुतेक सगळे प्रकार एका जागी आले होते.

शाळा पहिली ते सातवीची, पट एकशे वीस. मुलांना पोषण आहाराआधी हात धुण्यासाठी ओळीने चार बेसिने, चारही नळांना जाळ्या. पाणी बोअरचे, गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतून येणारे. तिसऱ्या नळाची धार इतकी बारीक झाली होती की मुले त्या रांगेत उभीच राहत नसत. धाकटी मुले तर नुसती बोटे ओली करून पळत. शिपाई मामा म्हणाले, “गुरुजी, नळ गेलाय. तालुक्याहून प्लंबर बोलवू.” गुरुजींनी आधी माप घ्यायचे ठरवले, आणि ते योग्यच केले. एक लिटरचे माप आणि मनगटावरचे घड्याळ, एवढे साहित्य पुरते. पहिला नळ पूर्ण सोडला, माप भरायला बारा सेकंद लागले. दुसऱ्याला तेरा, चौथ्याला चौदा. तिसऱ्याला लागले चाळीस.

हे आकडे फळ्यावर मांडून मुलांकडून गणित करून घेतले. एका मुलाला हात धुवायला अर्धा लिटर पाणी लागते असे धरू. प्रत्येक नळावर तीस मुले, म्हणजे पंधरा लिटर पाणी. बारा सेकंदांना लिटर या हिशेबाने नुसते पाणी पडायला तीन मिनिटे लागतात, आणि चाळीस सेकंदांना लिटर असेल तर दहा मिनिटे. मधल्या सुट्टीतली दहा मिनिटे हात धुण्यात जात असतील, तर मूल ती खेळण्यातून देत नाही. ते हात धुण्यातून कापते. पोटाच्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

तीन नळ ठीक आणि एकच मंद, म्हणजे टाकी, मोटार आणि मोठा पाइप निर्दोष ठरले. चारही मंद असते तर जाळीला हातच लावायला नको होता. टाकीतली पातळी आणि टाकीखालची चावी पाहिली असती. पण एकच नळ मंद असला तरी दोष जाळीतच आहे असे लगेच ठरत नाही. त्याची परीक्षा एकच: जाळी काढायची आणि नळ सोडून पाहायचा. धार मोकळी झाली, तर दोष जाळीत. तरीही बारीकच राहिली, तर दोष मागे कुठे तरी आहे.

जाळी काढताना घाई नको. आधी नळ बंद करावा आणि बेसिनच्या भोकावर फडके टाकावे. आतली वायसर वाटाण्याच्या सालीएवढी हलकी असते. एकदा भोकात गेली की गेलीच. नळाच्या तोंडाशी जे कडे दिसते तेच फिरवायचे. फिरवायचे कुठल्या बाजूला, याचा गोंधळ नेहमी होतो. नळाखाली डोके घालून वर पाहिले, तर कडे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरले की सैल होते. वरून उभे राहून पाहणाऱ्याला तीच दिशा काट्याप्रमाणे वाटते. गोंधळ व्हायला नको म्हणून खालून पाहूनच फिरवावे, हे बरे.

ओल्या हाताने कडे सरकत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटे रुंद तुकडा कड्याभोवती गुंडाळून पाहा. तेवढ्यात बहुतेक कडी सुटतात. तरीही सुटले नाही तर कड्याला कापड गुंडाळून मग पक्कड लावावी, नाही तर पकडीचे दात मुलाम्यावर उमटतात. आणि एक विसरू नका: दुसऱ्या हाताने नळाची मान घट्ट धरावी. जोर सगळा मानेवर गेला तर नळच बेसिनमध्ये फिरतो, खालची चकती ढिली होते, आणि जाळीचे दुखणे गळतीवर जाते. काही नव्या नळांची जाळी तोंडाच्या आत बुडालेली असते, बाहेर कडे दिसतच नाही. तिला प्लास्टिकची खाचेरी चावी लागते, ती नळाच्या डब्यात येते. डबा टाकून दिला असेल तर दुकानात सुटीही मिळते.

कडे मुळीच हलत नसेल, तर ते क्षाराने धरले आहे असे समजावे. तिथे जोर कामाचा नाही, आंबट कामाचे. प्लास्टिकच्या लहान पिशवीत अर्धी वाटी व्हिनेगर घेऊन ती पिशवी नळाच्या तोंडावर चढवावी, कडे पूर्ण बुडेल अशी, आणि रबरबँडने बांधावी. तासाभराने काढून पुन्हा फिरवून पाहावे.

आमच्या शाळेतले तिसरे कडे ट्यूबच्या तुकड्याने सुटले. जाळी काढून नळ सोडला, तर लिटरचे माप नऊ सेकंदांत भरले. तालुक्याच्या फेरीचे पैसे तिथेच वाचले.

आता जाळी लगेच नळाखाली धरून धुऊ नका, थांबा. आधी ती पांढऱ्या ताटलीत उपडी करून टिचकी मारा आणि काय पडते ते पाहा. कारण जाळीतला कचरा वरच्या पाइपची हकिकत सांगतो. तांबूस-तपकिरी पापुद्रे पडले, तर कुठे तरी जुना लोखंडी पाइप गंजतो आहे. चकाकणारी बारीक वाळू दिसली, तर बोअर वाळू ओढते आहे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की हे होते. हिरवट, बुळबुळीत काही लागले, तर टाकीचे झाकण उघडे आहे आणि ऊन आत जाऊन शेवाळे धरले आहे. काळे मऊ तुकडे असले, तर कुठल्या तरी नळाची रबरी वायसर किंवा जोडनळीचे आतले रबर झिजते आहे. पांढऱ्या, कुरळ्या, नखाने दाबता येणाऱ्या कतरणी म्हणजे प्लास्टिकचा पाइप करवतीने कापताना आत राहिलेला भुसा. आणि पांढरा पण दगडासारखा कडक थर असेल, तर तो पाण्यातला क्षार.

आपल्या ताटलीत कतरणी पडल्या, आणि त्यांच्यामध्ये पांढरा कडक थरही होता. शिपाई मामांना लगेच आठवले. दिवाळीच्या सुट्टीत चौथ्या बेसिनचा पाइप बदलला होता; कापला, सांधला, आणि न धुता पाणी सोडले. त्या भुशाला जी जाळी आधी सापडली तिने तो धरला. मग बोअरच्या पाण्याने त्या भुशावर आपला थर चढवला.

या थराविषयी दोन शब्द. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेले बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात चुन्याचा अंश विरघळलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. पाणी हवेत आले, वाळले, म्हणजे त्यातला कर्बवायू निघून जातो आणि चुना दगड होऊन मागे राहतो. चहाच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तो हाच. जाळीच्या छिद्रांत दर रात्री एकेक थेंब वाळतो, आणि वर्षभरात छिद्र बुजते. असा थर ब्रशने जात नाही. तो आंबटाने विरघळतो, आणि विरघळताना बुडबुडे सोडतो. बुडबुडे आले की समजावे, हा चुनाच.

जाळी उघडताना आतले भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर एका रांगेत मांडावेत. कडे, मग जाळी, मग छिद्रांची चकती, मग वायसर, असा बहुधा क्रम असतो; कंपनीगणिक थोडा फरक पडतो. हातात मोबाइल असेल तर एक फोटो काढून ठेवावा. रांग मोडली की परत बसवताना चकती उलटी बसते, आणि मग धार फवाऱ्यासारखी चहूकडे उडते. पुष्कळांना वाटते नळच बिघडला. प्रत्यक्षात चकती उलटी असते.

आधी कोरडा कचरा काढावा. पाणी जाळीत वरून खाली जाते आणि कचरा वरच्या बाजूला अडकतो. म्हणून धुताना पाणी उलट बाजूने, म्हणजे तोंडाकडून आत, असे सोडावे. जुना दातांचा ब्रश हळू फिरवावा. अडलेल्या छिद्राला सुईने टोचले तर चालते, पण सुई फिरवू नये. छिद्र मोठे झाले की धार वाकडी पडते. शाळेत एवढे करून जाळी पुन्हा लावून पाहिली, तर माप भरायला वीस सेकंद लागले. चाळिसाचे वीस झाले, पण बाराचा आकडा आला नाही. गुरुजी म्हणाले, “इथेच थांबावे का?” नाही. अर्धी छिद्रे चुन्याने बुजलेली होती, ती ब्रशला दाद देणार नव्हती.

मग आंबट घ्यावे. एका वाटीत पांढरे व्हिनेगर, जाळी बुडेल इतके. व्हिनेगर नसेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व दोन चहाचे चमचे वाटीभर कोमट पाण्यात विरघळवावे. लिंबाचा रसही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. वायसर बाहेर ठेवावी. उकळते पाणी घेऊ नये, आतली चकती प्लास्टिकची असते, ती वाकते. अर्ध्या तासाने बुडबुडे मंदावतात, मग ब्रश फिरवावा, आणि थर जाड असेल तर पुन्हा बुडवावे. फार जुनी जाळी रात्रभर ठेवली तरी हरकत नाही. चकचकीत कडे मात्र तेवढा वेळ आंबटात राहू देऊ नये.

काही घरांत व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालतात, खूप फेस येतो म्हणून. तो फेस सोडा आणि आंबट यांच्या भांडणाचा असतो. दोघे एकमेकांना संपवतात आणि चुना तसाच राहतो. संडास धुण्याचे तिखट ॲसिड तर वापरूच नका. मुलामा उतरतो आणि पितळ उघडे पडते. यापुढची गोष्ट त्याहून गंभीर आहे, म्हणून सावकाश सांगतो. टाकीत घालण्यासाठी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर ठेवलेली असते. व्हिनेगर असो, लिंबूसत्त्व असो की कुठलेही ॲसिड असो, ते त्या पावडरीशी कधीही मिसळू देऊ नये. तसे झाले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. वाटी, ब्रश, फडके, सगळे वेगळे ठेवावे, आणि हे काम करताना मुलांना पाहू द्यावे, पण पावडरीच्या डब्याजवळ करू नये.

शाळेतली जाळी तासभर व्हिनेगरमध्ये ठेवली. उजेडासमोर धरली तेव्हा प्रत्येक छिद्रातून प्रकाश येत होता. परीक्षेची हीच पद्धत सोपी: आकाशाकडे धरून पाहावे, एखादे छिद्र काळे दिसले तर काम राहिले आहे. मग साध्या पाण्याने दोनदा खळबळून घेतली.

परत बसवण्याआधी एक पायरी लोक विसरतात. जाळी काढलेलीच ठेवून नळ अर्धा मिनिट पूर्ण सोडावा, खाली बादली ठेवून. मानेत बसलेला उरलेला कचरा त्यात निघून जातो; नाही तर धुतलेली जाळी संध्याकाळपर्यंत पुन्हा भरते. शाळेच्या बादलीत आणखी पाच-सहा कतरणी आल्या. पाणी झाडांना गेले.

कडे बसवताना आधी हलकेच उलटे फिरवावे. आटे जागेवर आले की बोटाला एक बारीक ‘टक’ जाणवते. तिथून मग सुलटे फिरवावे, फक्त हाताने. पक्कड नको आणि टेपही नको, कारण पाणी अडवण्याचे काम वायसर करते. कड्याच्या बाजूने पाणी झिरपले तर समजावे, वायसर तिरकी बसली आहे किंवा आटा चुकला आहे. अशा वेळी जास्त पिळू नये, काढून पुन्हा बसवावे. पिळून पिळून आटा गेला, तर मात्र नळ खरोखरच जातो.

तिसऱ्या नळाचे माप शेवटी बारा सेकंदांवर आले. पाचवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, जाळी नव्हती तेव्हा नऊ होते, मग आता बारा का?” प्रश्न बरोबर होता. जाळी थोडे पाणी अडवते, तेच तिचे काम. पण याला एक मर्यादाही आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो असतो. गच्चीवरची टाकी नळाच्या वर जेमतेम तीन मीटर असते, म्हणजे दाब किलोच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. काही जाळ्या उंच इमारतींच्या दाबासाठी केलेल्या असतात. त्या बैठ्या घराला लावल्या तर स्वच्छ असूनही धार बारीकच पडते, आणि फेस धरत नाही. अशी जाळी धुऊन फळ मिळणार नाही; कमी दाबाची मागून घ्यावी.

जाळी काढूनही धार बारीकच राहिली, तर बेसिनखाली भिंतीला असलेला लहान कॉक पाहावा. झाडलोट करताना तो अर्धा फिरलेला सापडतो. तो उघडा असेल, तर नळाच्या आतली चकती किंवा जोडनळी तुंबली असण्याचा संभव आहे, आणि तिथे जाणता माणूस बोलवणे बरे. टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली असेल आणि नळ फुरफुरत थांबत असेल, तर पाइपात हवा अडली आहे. सगळ्यात खालचा नळ थोडा वेळ सोडून ठेवला की बहुधा निघते.

जड पाणी असेल तिथे दर तीन महिन्यांनी जाळी उघडावी. लिटरचे माप घेण्याची सवय असेल तर महिन्याचेही बंधन नको. बाराचे अठरा झाले की उघडावी. पण धुतल्यावर पंधरा दिवसांतच वाळू किंवा शेवाळ्याने पुन्हा भरली, तर धुण्यात दिवस घालवू नयेत. तेव्हा टाकीवर चढून झाकण पाहावे आणि तळाचा गाळ काढावा.

आणि जाळी झिजली, फाटली, तर नवी स्वस्तात मिळते. दुकानात जाताना जुनी मात्र खिशात घालून न्यावी. आटे आतून आहेत की बाहेरून, आणि माप बावीस मिलिमीटरचे की चोविसाचे, हे तोंडी सांगताना हमखास चुकते, आणि तालुक्याची दुसरी खेप पडते.